मांजराला गवत चालतं, दोरा नाही

मांजर पक्कं मांसाहारी. तरीही कुंडीतली हरळी कुरतडणारं, दुधाची रिकामी पिशवी चघळणारं किंवा लोकरीची शाल चोखत झोपी जाणारं मांजर अनेक घरांत असतं. घरच्यांना त्याची गंमत वाटते, आणि एखाद्या दिवशी मांजराला उलटी झाली की तीच गंमत काळजीची होते. यातलं काय सोडून द्यायचं आणि कशासाठी तातडीने पशुवैद्यांकडे धावायचं, हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं.

मी माणसांचा डॉक्टर आहे. पण खाण्याजोगं नसलेलं काहीतरी खावंसं वाटणं, हे लक्षण आमच्या बाह्यरुग्ण विभागातही नेहमीचं. खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, मुलतानी माती किंवा बर्फ चोरून खाणाऱ्या स्त्रिया आणि मुलं आम्ही पाहतो. वैद्यकात याला ‘पायका’ म्हणतात. मॅगपाय नावाच्या पक्ष्याचं हे लॅटिन नाव. तो दिसेल ते चोचीत घेतो, असा त्याचा लौकिक. मांजरांमध्येही हाच शब्द वापरतात. मात्र प्रत्येक विचित्र खाणं म्हणजे पायका नव्हे, आणि प्रत्येक पायका सारखाच धोकादायक नसतो.

गवत : बहुधा निव्वळ स्वभाव

‘पोट बिघडलं म्हणून मांजर गवत खातं आणि ओकून टाकतं,’ हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना याविषयी प्रश्न विचारले. त्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दहातल्या सुमारे सात मांजरांना मालकांनी निदान सहा वेळा तरी गवत वा पानं खाताना पाहिलं होतं. त्यांतली दहातली नऊ मांजरं त्याआधी अजिबात आजारी दिसत नव्हती आणि खाल्ल्यावर वारंवार उलटी करणारी जेमतेम पाव होती. म्हणजे गवत खाणं हे आजाराचं लक्षण नाही, तो मांजराचा स्वभाव आहे. पूर्वजांच्या पोटातले जंत बाहेर ढकलायला या तंतूंची मदत होत असावी आणि ती सवय टिकून राहिली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

त्यामुळे गवत खाऊन एखादी उलटी झाली आणि नंतर मांजर नेहमीसारखं जेवलं, खेळलं, तर काही करायचं नाही. उलट घरात एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरावेत. आठवडा-दहा दिवसांत मांजरासाठी फवारणी नसलेलं गवत तयार होतं. खबरदारी दोनच. कीटकनाशक फवारलेल्या हिरवळीवर मांजराला सोडू नये. आणि पुष्पगुच्छात येणारी कर्ण्याच्या आकाराची मोठी लिली घरात ठेवू नये. तिचं पान चावल्याने, इतकंच काय, अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. तसं घडलं तर लक्षणांची वाट न पाहता त्याच तासाला निघावं.

लोकर आणि प्लॅस्टिक : चोखतं की गिळतं?

आईपासून लवकर तोडलेली काही पिल्लं मोठेपणीही लोकर किंवा मऊ कापड चोखतात. पुढच्या पायांनी कणीक तिंबल्यासारखं करत, घुरघुरत, डोळे मिटून हे चालतं. सयामी आणि बर्मी जातींत ही सवय जास्त आढळते. नुसतं चोखणं निरुपद्रवी आहे. पण काही मांजरं दाढांनी कापड कातरतात आणि गिळतात. हा खरा पायका.

फरक ओळखण्याची साधी रीत म्हणजे शाल उजेडात धरून पाहणं. ती नुसती ओली असेल तर मांजर चोखतं. भोक पडलं असेल आणि तेवढा तुकडा घरात कुठेच सापडत नसेल, तर तो मांजराच्या पोटात आहे. प्लॅस्टिकचंही तसंच. मासळीच्या किंवा दुधाच्या वासासाठी पिशवी चाटणं वेगळं आणि तिचे तुकडे नाहीसे होणं वेगळं. नखाएवढा तुकडा बहुधा शौचावाटे निघून जातो. मोठा तुकडा किंवा पिशवीचा लांब बंद अडकू शकतो.

गिळण्याची सवय असलेल्या मांजराला मारून किंवा ओरडून ती सुटत नाही. ते फक्त लपून खायला शिकतं. त्याच्या आवडीचं कापड कपाटात बंद करावं, दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ खेळवावा, आणि जेवण एकदम न देता थोडंथोडं, शोधून खावं लागेल असं द्यावं. चघळायला गव्हाचं गवत ठेवावं. सवय नव्यानेच लागली असेल तर मात्र आधी तपासणी.

दोरा : इथे थांबायचं नाही

मांजराच्या जिभेवर कठीण, मागे वळलेले बारीक काटे असतात. हाडावरचं मांस खरवडायला ते उपयोगी, पण त्यांच्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकून टाकणं मांजराला जवळपास अशक्य होतं. दोरा घशाकडेच सरकत जातो. आपल्या घरांत तर दोऱ्यांना तोटा नाही. फुलपुडीचा दोरा, गजऱ्याचा दोरा, राखी, शिवणाची सुई ओवलेला धागा, संक्रांतीचा मांजा, गणपतीच्या सजावटीतल्या झिरमिळ्या, सगळं मांजराच्या उंचीवर पडलेलं असतं.

दोरा धोकादायक का, हे परकराच्या नाडीवरून समजेल. नाडीचं एक टोक पक्कं बांधून दुसरं ओढलं की नेफ्याला चुण्या पडतात. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं. उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं तो पुढे ढकलायला आकुंचन पावत राहतं, दोरा जागचा हलत नाही, आणि आतडंच त्याच्यावर चुण्या घालत गोळा होतं. ताणलेला दोरा मग प्रत्येक आकुंचनाबरोबर आतड्याची आतली बाजू करवतीसारखी कापू लागतो. भोक पडलं की आतली घाण पोटाच्या पोकळीत उतरते आणि जंतुदोष पसरतो. त्यानंतर मांजर वाचवणं फार कठीण.

आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांच्या दोन वर्षांच्या मांजराचं उदाहरण सांगतो. सोमवारी रात्री त्याने जेवण ओकलं. मंगळवारी सकाळी पाणीही ओकलं, मग ते पलंगाखाली जाऊन बसलं. दिवसभर शी नाही, पोटाला हात लावला की गुरगुरणं. सिस्टरांनी मला विचारलं, ‘सर, गवत खाल्लं असेल का?’ मी विचारलं, उलटीत गवत दिसलं का आणि नंतर ते जेवलं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं. त्या संध्याकाळीच त्या मांजराला पशुवैद्यांकडे घेऊन गेल्या.

पशुवैद्यांनी तोंड उघडून हनुवटीखालून अंगठ्याने दाबत जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा फास दिसला. एक्स-रेमध्ये दोरा दिसत नाही, पण आतडी एका बाजूला गोळा झालेली आणि त्यांत स्वल्पविरामासारखे हवेचे बुडबुडे दिसले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. भूल दिल्यावर जिभेखालचा फास कापला, जठर उघडलं आणि आतडं दोन ठिकाणी उघडून दोरा तुकड्यातुकड्यांनी काढला. गजऱ्याचा दोन फूट दोरा निघाला. आतड्याला भोक पडलेलं नव्हतं, म्हणून मांजर तीन दिवसांत घरी आलं. आणखी एक दिवस थांबलं असतं तर तशी खात्री देता आली नसती.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये. दुसरं टोक आत कुठे अडकलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. ओढल्याने आतडं कापलं जाऊ शकतं. दोरा सरकावा म्हणून तूप, तेल पाजू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी तर मुळीच नको, त्यातून मिठाची विषबाधा होते. आहे तसं मांजर पिंजऱ्यात ठेवून न्यावं आणि एक्स-रे, सोनोग्राफी व शस्त्रक्रियेची सोय आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावं.

माती चाटणं : रक्त तपासा

पायकाचा एक प्रकार पोटातल्या अडथळ्याशी नाही, रक्ताशी संबंधित असतो. आमच्याकडे माती किंवा बर्फ खाणाऱ्या रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासतात, कारण लोहाची कमतरता हे त्याचं नेहमीचं कारण. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर अनेकांची ही ओढ काही दिवसांतच ओसरते. मांजरांमध्येही रक्तक्षय असेल तर शौचाच्या ट्रेमधली वाळू, कुंडीतली माती किंवा सिमेंटची भिंत चाटण्याचं वेड लागू शकतं. पिल्लांत त्यामागे बहुधा पिसवा आणि जंत असतात, मोठ्या मांजरांत विषाणुसंसर्ग, रक्तातले परजीवी किंवा मूत्रपिंडाचा आजार.

घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. मांजराचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती पांढुरकी दिसली तर रक्ततपासणी करून घ्यावी. माणसांच्या लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत, जास्त लोह मांजराला विषारी ठरतं. म्हातारं मांजर अचानक नको ते खाऊ लागलं आणि भरपूर खाऊनही वाळत चाललं, तर थायरॉइडची तपासणी करावी.

वाट किती पाहायची, याचा हिशेब असा. गवतासकट एक उलटी आणि त्यानंतर नेहमीची भूक, तर घरीच राहा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त उलट्या, चोवीस तास अन्नाला तोंड न लावणं, शी बंद होणं, लपून बसणं किंवा पोट दुखणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. पिल्लू असेल तर त्याहूनही लवकर. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि तोच एक जीवघेणा आजार होतो. आणि दोरा गिळताना प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर मांजर कितीही मजेत दिसत असलं तरी लगेच निघा. दोरा जठरात असेपर्यंत तो दुर्बिणीने, पोट न उघडता काढता येण्याची शक्यता असते. तो आतड्यात उतरला की ती संधी जाते.