ड्रिल कुठे मारायचं?

होस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते खाली रूममध्ये कळावं, असं छोटं वायरलेस यंत्र आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्टसाठी घेतलं. (पहाटे साबण लावून उभं राहिल्यावर नळ कोरडा पडला की असल्या कल्पना सुचतात!) डबीबाहेर काठी नको म्हणून मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना करायचं ठरलं. दिसायला हे प्रकरण फारच सोपं: डबल साइडेड पीसीबी, एका बाजूला सगळं तांबं ग्राउंड म्हणून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला फक्त एक आयत. 2.45 गिगाहर्ट्‌झसाठी, 1.6 मिमी जाडीच्या एफआर-फोरवर, आमचा आयत 28.8 मिमी लांब आणि 37 मिमी रुंद आला.

खरी गंमत पुढे आहे. कनेक्टरची पिन खालून भोक पाडून पॅचला सोल्डर करायची, पण कुठे?

पॅचची लांबी आतल्या लहरीच्या अर्ध्या लांबीएवढी असते. त्यामुळे दोन्ही टोकांना व्होल्टेज जास्तीत जास्त आणि करंट जवळजवळ शून्य असतो, तर मधोमध व्होल्टेज शून्य आणि करंट भरपूर. इम्पीडन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. म्हणजे तो कडेला सर्वात मोठा आणि मध्यावर शून्य. दाराचंच बघा ना. बिजागरीजवळ ढकललं तर जोर खूप लागतो आणि दार हलतं इंचभर, कडीपाशी ढकललं तर एका बोटाने उघडतं. दार तेच, फक्त हात कुठे लावला एवढाच फरक. केबल 50 ओहमची आहे, तेव्हा पॅचही जिथे 50 ओहमचा दिसतो तिथे हात लावायचा. कडेपासूनचं अंतर y आणि लांबी L धरली तर सूत्र असं:

R = R₀ cos²(πy/L)

R₀ म्हणजे कडेचा रेझिस्टन्स. पुस्तकी रीतीने तो आमच्या पॅचसाठी 310 ओहमच्या आसपास आला. त्यावरून y = 10.6 मिमी. ड्रिल मारलं, सोल्डर केलं आणि ऐटीत लॅबमध्ये गेलो. नेटवर्क अॅनालायझरवर खड्डा बरोबर 2.45 च्या जवळ, पण रिटर्न लॉस जेमतेम साडेआठ डीबी! निदान 10 तरी हवा होता.

खड्डा योग्य जागी पण उथळ असेल तर संशय फीडवर घ्यायचा, आणि खोल पण भलत्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर लांबीवर. पण फीड कडेकडे सरकवायचा की मध्याकडे, हे रिटर्न लॉस सांगत नाही. त्यासाठी सरांनी स्मिथ चार्ट लावायला सांगितला. आमचं वर्तुळ आडव्या रेषेला केंद्राच्या डावीकडे, 23 ओहमच्या आसपास छेदत होतं. म्हणजे आम्ही बिजागरीच्या फार जवळ गेलो होतो.

चूक सूत्रात नव्हती, R₀ मध्ये होती. 310 हा आकडा फक्त रेडिएशन धरून येतो. एफआर-फोर मात्र स्वतःच बरीच ऊर्जा खाऊन गरम होतो. हिशेब केला तर निम्म्याहून कमी, साधारण 44 टक्केच पॉवर हवेत जाते. त्याच प्रमाणात R₀ घसरून 140 वर येतो. तो घालून y आला 8.5 मिमी. नवीन पॅच एच केला, तिथे भोक पाडलं, आणि खड्डा एकदम खोल गेला.

आता बँडविड्थ. 2.4 चा वाय-फाय बँड 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे 83.5 रुंद. आमच्या पॅचला मिळाले साठच्या आसपास. पॅच आणि ग्राउंडमधली फट लहरीच्या मानाने फार बारीक असते. ऊर्जा आतच कोंडून राहते, बाहेर कमी पडते, आणि रेझोनन्स टोकदार होतो. त्यातले हे साठही निम्मे चोरीचे आहेत. मटेरियलने काहीच खाल्लं नसतं तर फक्त 27 उरले असते! म्हणून "माझ्या पॅचची बँडविड्थ जास्त" असं कोणी मिरवलं तर आधी एफिशियन्सी विचारा.

शिवाय एफआर-फोरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट शीटगणिक बदलतो. 4.4 ऐवजी 4.6 निघाला तर खड्डा 50 मेगाहर्ट्‌झने खाली सरकतो आणि अर्धा बँड हातचा जातो. डबी लहान म्हणून जास्त कॉन्स्टंटचं मटेरियल घ्यावं, तर पॅच लहान होतो खरा, पण बँडविड्थ आणखी आक्रसते.

आम्ही जाडी वाढवली, 3.2 मिमी. हिशेबाने बँडविड्थ 90 च्या जवळ जाते आणि एफिशियन्सीही 60 टक्क्यांपर्यंत चढते. पिन लांब झाल्याने तिचा इंडक्टन्स वाढतो, तो तूर्त सोसायचा. मात्र R₀ पुन्हा बदलून 195 च्या घरात गेला, त्यामुळे भोक आता कडेपासून 9 मिमीच्या थोडं पुढे. तिसरा पॅच सध्या फेरिक क्लोराइडमध्ये पडलाय, आणि लॅबचं ड्रिल सोमवारी मिळणार आहे.