प्लंजर कुठपर्यंत पुरतो

फ्लश दाबला आणि पाणी खाली जाण्याऐवजी काठाकडे चढू लागलं की बहुतेक घरांत पुढची कृती ठरलेली असते: पुन्हा फ्लश. हल्लीच्या दोन बटणांच्या टाक्यांमधून साधारणपणे छोट्या बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर पाणी सुटतं. आधीच भरलेल्या कमोडमध्ये आणखी सहा लिटर मावत नाहीत, ते लादीवर येतात. म्हणून आधी टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा आणि दहा-पंधरा मिनिटं काहीही करू नये. या वेळात पाणी हळूहळू उतरलं, तर वाट अर्धवट उघडी आहे. ढिम्म उभं राहिलं, तर पूर्ण बंद आहे. हे एवढं निरीक्षण पुढे फार कामाला येतं.

कमोडच्या पोटात मागच्या बाजूला चिनी मातीचाच एक बाक असतो. त्याला प्लंबर ट्रॅप म्हणतात. आपल्याला भांड्यात जे पाणी कायम दिसतं, ते या बाकाने अडवलेलं असतं आणि साधारण दोन इंचांचा तो पाण्याचा पडदाच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. बाक ओलांडला की चार इंची पाइप सुरू होतो, भिंतीतून डक्टमध्ये जातो, तिथल्या उभ्या पाइपला मिळतो आणि तळाशी चेंबरमध्ये उतरतो. उभ्या पाइपचं वरचं टोक गच्चीवर उघडं असतं, त्यावर जाळीची टोपी बसवलेली असते. संपूर्ण वाटेत सगळ्यात अरुंद आणि वळणाची जागा म्हणजे तो बाक. त्यामुळे बरेचसे अडथळे तिथेच बसतात, हे आपलं नशीब. कारण प्लंजरचा जोर पोचतो तो तिथवर आणि त्यापुढे जेमतेम थोडा.

गुडगुड हा हवेचा आवाज आहे. पाइपातून पाणी खाली धावतं तेव्हा पुढची हवा ढकलते आणि मागे हवा ओढते. वाट मोकळी असली तर ही ये-जा गच्चीवरच्या टोकातून होते आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. पुढे कुठे अडथळा असला की ढकललेली हवा अडते, उलट फिरते आणि कमोडच्या पाण्यातून बुडबुडे काढत वर येते. गच्चीवरचं तोंड बंद असेल तर प्रकार वेगळा: पाणी व्यवस्थित जातं, पण शेवटी घशात ओढल्यासारखा आवाज येतो आणि भांड्यातलं पाणी नेहमीपेक्षा खाली राहतं. कधी कधी मग वासही सुटतो. असं असेल तर कमोडशी झटापट करण्याआधी गच्चीवर जाऊन टोपी बघावी. तिथे कबुतराचं घरटं सापडतं, किंवा वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोणीतरी बसवलेलं पक्कं झाकण. डासांसाठी बांधलेली जाळी काढायची नाही, पण ती धुळीने बुजली नाही ना, एवढं पाहावं.

आणखी एक तपासणी प्लंजर हातात घेण्याआधी करायची, अर्थात पाणी नेहमीच्या पातळीला उतरलेलं असेल तरच. अर्धी बादली पाणी कमोडमध्ये एकदम ओतावं. ते सरसर गेलं आणि फ्लशने मात्र जात नसेल, तर ट्रॅप मोकळा आहे, दोष टाकीत किंवा काठाखालच्या भोकांत आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत ही भोकं क्षाराने बुजतात आणि फ्लशचा जोर मरतो. अशा कमोडवर तासभर प्लंजर मारला तरी उपयोग नाही. बादलीचं पाणीसुद्धा चढलं, तरच तुंबलंय असं समजायचं.

प्लंजर कोणता, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. लाकडी दांड्याला लाल किंवा काळी रबरी वाटी, हा प्रकार सिंकसाठी आणि न्हाणीसाठी, म्हणजे सपाट जागेसाठी. कमोडच्या तळाचं तोंड लांबट आणि उतरतं असतं, तिथे ती वाटी कडेने हवा सोडते. वाटीच्या आतून आणखी एक रबरी गळा बाहेर येतो, असा प्लंजर मागावा. तो गळा तोंडात शिरतो आणि कडा वरून बसतात. भारतीय बैठकीच्या संडासाला मात्र साधी रुंद वाटी चालते, कारण तिथे भोकाभोवती थोडी सपाट जागा मिळते.

रबर कडक असेल तर आधी गरम पाण्यात धरून मऊ करावं. मग वाटी तिरकी पाण्यात बुडवावी, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वाटीत हवा राहिली तर आपला सगळा जोर ती हवा आकसण्यात जातो आणि अडथळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. त्याच कारणाने वाटी पूर्ण बुडेल एवढं पाणी भांड्यात हवं. कमी असेल तर मगाने घालावं, काठोकाठ असेल तर मगाने काढून बादलीत घ्यावं. जवळच्या न्हाणी ट्रॅपवर ओल्या फडक्याचा बोळा दाबून ठेवावा. नव्या इमारतींत कमोड आणि न्हाणी पुढे एकाच पाइपला मिळतात, तेव्हा दाब तिकडून निसटतो आणि घाण पाणी न्हाणीतून उसळतं.

आता दांडा सरळ उभा धरून पहिला दाब अगदी सावकाश द्यायचा, कारण वाटी नीट बसलेली नसते आणि पाणी अंगावर उडतं. त्यानंतर वाटी न उचलता पंधरा-वीस वेळा दाबा आणि ओढा. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं, की सगळा जोर दाबण्यावर असतो. दाबाने अडकलेला बोळा बाकात आणखी घट्ट बसू शकतो. ओढण्याने तो सैल होतो, सुटतो. दोन्ही बाजूंनी सारखं हलवलं तर तो फुटतो. शेवटचा हिसका वरच्या दिशेने जोरात द्यायचा आणि वाटी बाहेर काढायची. पाणी गडगडत गेलं तर काम झालं, पण लगेच फ्लश करू नये. अर्धी बादली ओतून खात्री करावी. नाही गेलं तर आणखी दोन-तीन फेऱ्या. त्यानंतरही हलत नसेल तर थांबावं. भिंतीला टांगलेल्या कमोडवर तर मुळातच बेताने, कारण मागचा जोड रबरी असतो आणि अति धसमुसळेपणाने तो गळू लागतो.

काही गोष्टींसाठी प्लंजर वापरूच नये. काठाला अडकवायच्या सुगंधी वडीचा प्लॅस्टिकचा पिंजरा, शाम्पूची बाटली, मुलांचं खेळणं आत गेल्याचं माहीत असेल तर दाबाने ती वस्तू आणखी खोल रुतते. त्यासाठी प्लंबरची स्प्रिंग, नाहीतर कमोड उचलणं. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांची गंमत निराळी आहे. ते पाण्याने फुगतात आणि प्लंजरने त्यांच्या कडेने एक वाट होते, पाणी जायला लागतं, घर सुटकेचा श्वास टाकतं. चार-सहा दिवसांत त्याच जागी पुन्हा तुंबतं. वारंवार येणारं दुखणं प्लंजरने बरं झालं असं मानू नये.

पावडर आणि अ‍ॅसिडबद्दल माझं मत कडक आहे: तुंबलेल्या कमोडमध्ये ते टाकू नये. कॉस्टिक सोड्याची पावडर पाण्यात भयंकर तापते, साचलेल्या जागीच राहते आणि मग कोणी प्लंजर मारला की तेच पाणी तोंडावर उडतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कोणी काही ओतलंच असेल तर प्लंबरला हात घालण्याआधी ते सांगायला हवं.

अडथळा खोल आहे हे कसं ओळखायचं? जुन्या तीन मजली इमारतीतलं तळमजल्याचं घर घ्या. सकाळी सात वाजता या घरात कोणी फ्लश केलेला नाही, तरी कमोडमध्ये बुडबुडे येतात. जरा वेळाने पाणी चार बोटं वर चढतं, न्हाणीतूनही काळसर पाणी डोकावतं. वरच्या मजल्यांवर मात्र सगळं उत्तम, त्यामुळे तुमच्याच घरात काहीतरी टाकलंत, असं ऐकून घ्यावं लागतं. वस्तुस्थिती अशी, की वरच्यांनी सोडलेलं पाणी खालच्या लाइनमध्ये अडलंय आणि सगळ्यात खालचं उघडं तोंड तळमजल्याचं आहे. इथे प्लंजर मारला तर पाणी दुसऱ्या घराच्या न्हाणीतून निघेल. वरच्यांना पाणी सोडणं थांबवायला सांगणं, हे खरं पहिलं काम.

मग आवारातली चेंबरची झाकणं एकामागून एक उघडायची. जुन्या इमारतींत मैल्याचा आणि आंघोळीच्या पाण्याचा असे दोन वेगळे पाइप असतात. दुसरा आधी गली ट्रॅपमध्ये पडतो, तोही तुंबला असेल तर शंका आणखी पक्की. आता हिशेब सोपा आहे. इमारतीजवळचं पहिलं चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि ते चेंबर यांच्या मधे. पहिलं भरलंय, दुसरंही भरलंय आणि फाटकाजवळचं तिसरं कोरडं आहे, तर अडथळा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पाइपात. दुरुस्ती तेवढ्याच तुकड्याची. जुन्या भाजक्या पाइपांच्या सिमेंट जोडांमधून झाडाची मुळं आत शिरतात आणि त्यांच्या जाळ्यात सगळं अडकत जातं. उतार कमी पडला असेल तरी गाळ बसतो. प्लंबरांच्या रिवाजाप्रमाणे चार इंची लाइनला चाळीस फुटांना साधारण एक फूट उतार लागतो. शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर दोष रस्त्यावरच्या लाइनमध्ये आहे आणि तक्रार वॉर्ड ऑफिसात जायला हवी.

गावात किंवा बंगल्यात सेप्टिक टाकी असेल तर सगळेच नळ-संडास एकदम मंदावणं हे टाकी भरल्याचं लक्षण असतं. दोन-तीन वर्षांनी ती गाडीने उपसून घ्यावी लागते. चेंबर असो की टाकी, माणूस आत उतरवायचा नाही. आतल्या वायूने माणसं बेशुद्ध होऊन मरतात आणि 2013 च्या कायद्याने संरक्षण साधनांविना असं काम करून घेणं गुन्हा आहे. बांबूच्या कामट्या, रॉड, जेटिंगची गाडी, सगळं वरूनच चालतं.

काम झालं म्हणून सांगणाऱ्याला पैसे देण्याआधी चेंबरचं झाकण उघडंच ठेवायला सांगावं. वरच्या मजल्यावरून एका घराने बादलीभर पाण्यात थोडी नीळ कालवून कमोडमध्ये ओतावी आणि खाली झाकणापाशी उभ्या असलेल्याने बघावं. निळं पाणी या चेंबरमधून पुढच्या चेंबरमध्ये न थांबता धावत गेलं तर लाइन मोकळी. ते तळाशी थबकून मग निघालं, तर बोळ्याला फक्त भोक पडलंय, रॉड पुन्हा घालायला लावावा.