लॉक, उचलपूल आणि घड्याळ

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरचा लँगॉलन कालवा म्हणजे सुट्टीत नाव भाड्याने घेणाऱ्यांचा लाडका जलमार्ग. हर्ल्स्टनच्या फाट्यापासून लँगॉलन गावापर्यंत सुमारे ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. मोटारीने हे अंतर दीड-दोन तासांचं, पण अरुंद नावेतून जायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. नकाशावर अंतर मोजायचं आणि त्याला वेगाने भागायचं ही आपली सवय. कालव्यावर मात्र अंतराइतकाच वेळ खातात ती लॉक.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. चढाला जाताना नाव खालच्या दारातून आत घ्यायची, दार लावायचं, मग वरच्या बाजूच्या झडपा हाताच्या दांड्याने फिरवून उघडायच्या. पाणी भरतं आणि नाव उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार ढकलता येतं, त्याआधी चार जणांनी जोर लावला तरी ते हलत नाही. हे सगळं नावेतल्या माणसांनीच करायचं असतं. सरावलेल्या दोघांना दहा-बारा मिनिटं पुरतात, नवख्यांना वीस धरावी.

यावरूनच नाववाल्यांचा जुना ठोकताळा आला आहे. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना वेग अगदी कमी करावा लागतो आणि प्रत्यक्षात सरासरी ताशी ३ मैल पडते. म्हणजे मैलाला २० मिनिटं, आणि लॉकलाही २० मिनिटं. म्हणून एक लॉक एक मैल समजायचं, मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं. वेळ वाचवायला इंजिनाचा जोर वाढवूनही उपयोग होत नाही. उथळ, चिंचोळ्या पाण्यात नावेचा मागचा भाग खाली बसतो, लाट काठ खरवडते आणि वेग होता तिथेच राहतो.

हर्ल्स्टन ते ग्रिंडली ब्रुक हा या कालव्याचा सर्वात कष्टाचा टप्पा. अंतर जेमतेम १२ मैल, पण वाटेत १९ लॉक आहेत: हर्ल्स्टनला ४, स्वॉनलीला २, बॅडिलीला ३, मग मारबरी, क्वॉइझली, विलीमूर, पोव्हीज अशी एकेक, आणि शेवटी ग्रिंडली ब्रुकला ६. बारा आणि एकोणीस मिळून एकतीस, भागिले तीन, म्हणजे दहा तास वीस मिनिटं. यात जेवणखाण नाही, पाण्याची टाकी भरणं नाही, रांग नाही. भाड्याच्या नावा अंधारात चालवू देत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरच्या आखूड दिवसात हा टप्पा एका दमात होतच नाही. मुक्काम कुठे करायचा हाच खरा प्रश्न असतो.

ठोकताळ्यात न बसणाऱ्या गोष्टी आता पाहू. पहिली म्हणजे प्रवाह. कालव्याचं पाणी सहसा स्थिर असतं, पण हा कालवा लँगॉलनच्या वर हॉर्सशू धबधब्यापाशी डी नदीचं पाणी घेऊन हर्ल्स्टनच्या जलाशयाला पुरवतो. त्यामुळे लँगॉलनकडे जाणारी नाव सतत प्रवाहाच्या विरुद्ध असते. पुलाखालच्या अरुंद जागी ते चांगलंच जाणवतं, आणि लॉकच्या पायथ्याशी बगलेतून पडणारं पाणी नावेचं तोंड ऐन वेळी बाजूला ढकलतं. चढाचा वेग ताशी अडीच मैल धरला तर दर सहा मैलांना जवळपास २५ मिनिटं वाढतात.

दुसरी गोष्ट उचलपूल. रेनबरी गावाजवळचा रस्त्याचा पूल विजेवर चालतो. एकाने आधी काठावर उतरायचं, पेटीत किल्ली घालून बटण दाबायचं, मग फाटकं पडून गाड्या थांबतात आणि पूल उचलला जातो. नाव गेली की तो खाली आणायचा आणि पुढे थांबलेल्या नावेत चढायचं. आसपासचे छोटे पूल दांडा फिरवून हाताने उचलतात. पूल उचलायला दोन-तीन मिनिटंच लागतात. वेळ जातो तो माणूस उतरवण्यात आणि परत घेण्यात, म्हणून पुलाला अर्ध्या लॉकइतका, दहा मिनिटांचा वेळ धरावा. एकट्याने नाव नेणाऱ्याला याहून जास्त लागतो, कारण बऱ्याच पुलांची यंत्रणा पायवाटेच्या पलीकडच्या काठावर असते आणि पूल उघडला की माणूस एका काठावर, नाव दुसऱ्या काठाला.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे वाट पाहणं. लॉकशी पोहोचल्यावर ते आपल्यासाठी तयार असेलच असं नाही. आपण चढतो आहोत आणि हौद भरलेला आहे, तर आधी तो रिकामा करावा लागतो, आणि त्यात पाचेक मिनिटं जातात. हे बरंचसं आधी ओळखता येतं. समोरून नाव येताना दिसली तर ती नुकतीच उतरली आहे, हौद रिकामा असण्याची शक्यता दाट. आपल्यापुढे त्याच दिशेने नाव गेली असेल तर तो बहुधा भरलेला सापडतो. म्हणून समोरून येणाऱ्या नावा मोजत जावं आणि त्यांच्यावरच्या माणसांना पुढची हालहवाल विचारावी. या पाण्यावर तेवढी विचारपूस सगळेच करतात.

रांगेचा हिशेब ग्रिंडली ब्रुकला समजतो. तिथल्या सहापैकी वरची तीन लॉक एकाला एक चिकटलेली आहेत. एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं दार. समोरासमोर आलेल्या नावांना मध्ये एकमेकींना ओलांडता येत नाही, म्हणून हंगामात तिथे नेमलेले लॉकरक्षक आळीपाळीने काही नावा वर आणि काही खाली सोडतात. आपल्यापुढच्या नावा मोजणं पुरत नाही, खाली येणाऱ्याही मोजाव्या लागतात. समजा दोन्हीकडे चार-चार नावा आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी एक नाव आत जाते, तर थांबणं दोन तासांचं.

रेनबरीच्या पुलांअलीकडे मुक्काम केला आणि सकाळी आठला निघालो असं धरू. पुलांना २० मिनिटं. मग ६ मैल आणि ४ लॉक यांचे तीन तास वीस मिनिटं, प्रवाहाची २५ मिनिटं. म्हणजे ग्रिंडली ब्रुकचा पायथा दुपारी बारानंतर, आणि पहिली तीन सुटी लॉक ओलांडून एकला चिकटलेल्या लॉकांपाशी, ऐन गर्दीत. दोन तासांची रांग आणि चढायला एक तास धरला की चार वाजतात. त्याऐवजी आदल्या दिवशी रेनबरीपुढे दोन-तीन मैल जाऊन मारबरीजवळ थांबावं. पहिल्या दिवशी दीडेक तास जास्त चालवावं लागतं, पण दुसऱ्या दिवशी पायथ्याशी साडेदहाच्या आसपास पोहोचता येतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण चालण्याचे एकूण तास तेवढेच राहतात, कमी होते ती रांग.

वेळ अंदाजाप्रमाणे चालली आहे का, हे स्वॉनलीलाच कळतं. तोवर सहा लॉक झालेली असतात. दर लॉकला खरी किती मिनिटं लागली ती लिहून ठेवावी आणि पुढचा हिशेब त्या आकड्याने करावा. पंचवीस मिनिटं लागत असतील तर उरलेल्या तेरा लॉकांवर एक तासाहून जास्त वाढतो आणि मुक्काम अलीकडे घ्यावा लागतो.

परतीचा हिशेब वेगळा असतो. प्रवाह आता पाठीशी असल्याने तेच मैल लवकर संपतात, मात्र लॉक आणि पुलांची मिनिटं एकानेही कमी होत नाहीत. भाड्याच्या बहुतेक नावा आठवड्याच्या ठरावीक दिवशी परत द्यायच्या असतात, त्यामुळे त्याच्या आदल्या दिवशी उतरणाऱ्यांची गर्दी होते. एक दिवस हाताशी ठेवून, सकाळी लवकर ग्रिंडली ब्रुक उतरलेलं बरं.