ना शून्य, ना एक

यंत्र दिवसभर छान चालतं आणि मग कधीतरी अचानक गोठतं. बंद करून सुरू केलं की पुन्हा ठीक. सिम्युलेशनमध्ये दोष सापडत नाही, आणि तोच बोर्ड तपासायला टेबलावर घेतला तर दोन दिवस मुकाट चालतो. असा दोष समोर आला की मुरलेला डिझाइनर सॉफ्टवेअरवर खापर फोडण्याआधी एक प्रश्न विचारतो : बाहेरून येणारा कुठला सिग्नल थेट आत घेतलाय?

डिजिटल चिपमधलं सगळं काम क्लॉकच्या टिकटिकीवर चालतं. १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक टिक. प्रत्येक टिकेला फ्लिप-फ्लॉप नावाचं छोटं सर्किट आपल्या दारात शून्य उभं आहे की एक, ते पाहतं आणि पुढच्या टिकेपर्यंत धरून ठेवतं. त्याची एकच अट असते. टिकेच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत दारातला सिग्नल हलता कामा नये. चिपच्या आतले सिग्नल ही अट पाळतात, कारण तेही त्याच क्लॉकवर निघालेले असतात. पण शेजारच्या चिपचा क्लॉक वेगळ्या क्रिस्टलवर चालतो. दोन्ही क्रिस्टलांवर १०० मेगाहर्ट्झ छापलेलं असलं, तरी ती तंतोतंत सारखी कधीच नसतात. त्यामुळे तिकडून येणारा ‘डेटा तयार आहे’ हा सिग्नल आपल्या टिकेच्या संदर्भात कोणत्याही क्षणी बदलतो. कधीतरी तो नेमका टिकेच्या तोंडावर बदलणारच.

तेव्हा काय होतं? फ्लिप-फ्लॉपच्या पोटात दोन इन्व्हर्टर एकमेकांना जोडलेले असतात. एकाचा आउटपुट दुसऱ्याचा इनपुट, आणि उलट. ही जोडी शून्यावर किंवा एकावर घट्ट बसते. पण मध्ये एक जागा अशी असते, की तिथे दोघांचं बळ बरोबरीत येतं आणि व्होल्टेज ना इकडचा ना तिकडचा होऊन रेंगाळतो. ही मेटास्टेबिलिटी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेला थेंब आठवा. इंचभर पश्चिमेला पडला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला, पूर्वेला पडला तर देशावरून थेट बंगालच्या उपसागराला. पण अगदी माथ्यावर, जिथे उतार जवळपास नाहीच, तिथे पडलेला थेंब निघायलाच वेळ लावतो. माथ्याच्या जितका जवळ, तितका जास्त वेळ. आणि त्या वेळेला वरची मर्यादा नाही.

हे शेवटचं वाक्य बऱ्याच अभियंत्यांना सुरुवातीला पचलं नव्हतं. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांनी १९७३ साली रेंगाळणाऱ्या आउटपुटची ऑसिलोस्कोपवरची चित्रंच शोधनिबंधात छापली, तेव्हा या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

रेंगाळण्यातला धोका असा. त्या फ्लिप-फ्लॉपचा आउटपुट आत दोन-चार ठिकाणी गेलेला असतो. उशिरा ठरलेला निर्णय एका शाखेला पुढच्या टिकेआधी कळतो, दुसरीला कळत नाही. एक भाग म्हणतो डेटा आला, दुसरा म्हणतो अजून नाही. मग दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. बाहेरून आपल्याला दिसतं ते एवढंच, की यंत्र गोठलं.

आता थोडं गणित. समजा क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि बाहेरचा सिग्नल सेकंदाला १० लाख वेळा बदलतो. धोक्याची खिडकी धरू ०.१ नॅनोसेकंदाची, म्हणजे दोन टिकांमधल्या अंतराचा एक टक्का. तेव्हा १० लाख बदलांपैकी एक टक्का, म्हणजे १०,००० बदल, दर सेकंदाला या खिडकीत सापडतात. ऐकून छातीत धस्स व्हावं. पण यातले बहुतेक फ्लिप-फ्लॉप झटकन सावरतात. आपल्या चिपमध्ये, समजा, दर ०.२ नॅनोसेकंदाला न सावरलेल्यांची संख्या साधारण २.७ पटीने कमी होते.

सिग्नल थेट लॉजिकमध्ये नेला आणि त्या लॉजिकलाच ७ नॅनोसेकंद लागले, तर सावरायला उरले ३. त्यात ही घट १५ वेळा होते. हिशेब केला तर सरासरी साडेपाच मिनिटांनी एक चूक. आता मध्ये काहीही न ठेवता पहिल्यापुढे लगेच दुसरा फ्लिप-फ्लॉप जोडा. तारेला आणि दुसऱ्याच्या पूर्वतयारीला मिळून १ नॅनोसेकंद गेला, उरले ९. घट ४५ वेळा. आता सरासरी ११ कोटी वर्षांनी एक चूक. वेळ तिप्पट झाला आणि साडेपाच मिनिटांची ११ कोटी वर्षं झाली! मला या विषयात सगळ्यात भावतं ते हेच. दुसरा फ्लिप-फ्लॉप मेटास्टेबिलिटी थांबवत नाही. पहिला दर सेकंदाला पूर्वीइतकाच डळमळतो. फक्त त्याला सावरायला जवळपास अख्खी टिक मिळते, आणि तोवर त्याच्याकडे दुसऱ्याखेरीज कुणी पाहत नाही.

व्हेरिलॉगमध्ये हे एवढंच असतं :

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *) reg s1, s2;

always @(posedge clk) begin
    s1 <= async_in;
    s2 <= s1;
end
```

पहिली ओळ झायलिंक्सच्या चिपसाठी आहे. हे दोघं शेजारी-शेजारी बसव, असं ती टूलला बजावते. ती नसेल तर टूल त्यांना चिपच्या दोन टोकांना टाकू शकतं, आणि मधली लांब तार सावरायचा वेळच खाऊन टाकते. `s1` आणखी कुठे वापरायचा मोह झाला, तर सगळंच मुसळ केरात.

सावरलेला पहिला फ्लिप-फ्लॉप जुनं मूल्य देईल की नवं, याची मात्र हमी नाही. तशी गरजही नसते, कारण जुनं दिलं तरी सिग्नल टिकून असेल तर पुढच्या टिकेला नवं येतंच. अडचण होते ती फार तोकड्या सिग्नलची. एका टिकेपेक्षा कमी वेळ आलेला सिग्नल दोन टिकांच्या मध्येच येऊन निघून जाऊ शकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

दोन फ्लिप-फ्लॉप म्हणजे रामबाण उपाय, असं समजणाऱ्यांनी क्लॉक दुप्पट करून पाहावा. २०० मेगाहर्ट्झला टिकांमधलं अंतर ५ नॅनोसेकंद, सावरायला उरतात ४, आणि खिडकीत सापडणारे बदल होतात सेकंदाला २०,०००. आता चूक साधारण पावणेसात तासांनी एकदा. म्हणजे रोज तीन-चार वेळा यंत्र गोठणार. इथे तिसरा फ्लिप-फ्लॉप लावतात. आणखी ४ नॅनोसेकंद मिळतात आणि हिशेब पावणेचार लाख वर्षांच्या आसपास जातो. बदल्यात सिग्नल एक टिक उशिरा पोचतो, एवढंच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आकडे पाठवताना. चार तारांवरून ०१११, म्हणजे ७, जातोय आणि तो ८ झाला : १०००. चारही तारा एकदम बदलल्या. प्रत्येक तारेवर चोख सिंक्रोनायझर असला, तरी कुठली तार या टिकेला नवं मूल्य देईल आणि कुठली पुढच्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे एका टिकेपुरता ११११ किंवा ०००० दिसू शकतो, म्हणजे १५ किंवा ०. म्हणून दोन क्लॉकांमधल्या फिफोमध्ये वाचण्या-लिहिण्याच्या जागांचे आकडे ग्रे कोडमध्ये पाठवतात. त्यात ७ म्हणजे ०१०० आणि ८ म्हणजे ११००. बदलते ती एकच तार. ती उशिरा ठरली तर पलीकडे अजून ७ दिसेल, वेळेत ठरली तर ८. तिसरा आकडा दिसायला जागाच नाही.