इंजिन कमी चालतं, म्हणून ऑइल जास्त टिकतं?

हायब्रीड गाडी घेतलेल्यांचा एक हिशेब ठरलेला असतो. दहा हजार किलोमीटरपैकी तीन-चार हजार तर मोटरवरच गेले, इंजिन बंदच होतं. मग ऑइल दहा हजारांवर कशाला बदलायचं, पंधरावर बदलू! हिशेब बिनचूक वाटतो. पण ऑइल फक्त चालण्याने खराब होत नाही, गार राहिल्यानेही होतं.

समजा, घर ते ऑफिस आठ किलोमीटर अंतर आहे, तेही शहरातल्या गर्दीतून. साध्या पेट्रोल गाडीचं इंजिन सिग्नलवरही धडधडत राहतं आणि पोहोचेपर्यंत बऱ्यापैकी तापतं. हायब्रीडचं इंजिन दोन मिनिटं चालतं, बंद होतं, चढ आला की पुन्हा सुरू होतं. गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडावं लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. शिवाय ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, तीही गार धातूवर थिजते. ऑइल चांगलं तापून काही वेळ तसंच राहिलं, तर हे पेट्रोल आणि पाणी उडून जातं. हायब्रीडमध्ये नेमका तो वेळ मिळत नाही.

याची खूण घरच्या घरी दिसते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल पातळ झालेलं आहे. पावसाळ्यात किंवा थंडीत ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दिसला, तर ते पाणी आहे. थोडा थर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा-पाऊण तास गाडी सलग पळवली की बहुतेक वेळा तो जातो. पण कूलंटची पातळीही उतरत असेल, तर दुखणं वेगळं आहे आणि गॅरेज गाठावं. आणि बदलायची मुदत किलोमीटर किंवा महिने, जे आधी संपेल ते, अशीच पाळावी. कमी फिरणाऱ्या हायब्रीडला महिन्यांचाच नियम लागू पडतो.

ऑइलचा ग्रेड हा दुसरा फरक. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसला ५डब्ल्यू-३० चालायचं, तिसरीला ०डब्ल्यू-२० सांगितलं गेलं आणि त्यानंतरच्या काही हायब्रीडना ०डब्ल्यू-१६. इतकं पातळ ऑइल गार इंजिनातही पटकन वर पोहोचतं आणि पेट्रोलही वाचवतं. प्रियसचं इंजिन साध्या स्टार्टरने नव्हे तर मोठ्या मोटरने फिरवलं जातं आणि चांगला वेग आल्यावरच त्यात ठिणगी पडते, त्यामुळे सुरू होतानाचे धक्केही सौम्य असतात. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ हा गॅरेजमधला सल्ला इथे ऐकू नये. मॅन्युअलमध्ये त्या हवामानासाठी जो ग्रेड छापलेला आहे, तोच घालावा.

कूलंटची गोष्ट मात्र मुळातच निराळी आहे. पेट्रोल गाडीत एकच टाकी असते, प्रियससारख्या हायब्रीडमध्ये दोन. एक इंजिनाची. दुसरी इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या पेटीची. इंजिनाचं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास राहिलं तर उत्तम. इन्व्हर्टरमधल्या अर्धवाहक स्विचांना एवढी उष्णता परवडत नाही, म्हणून त्यांचा मार्ग वेगळा, पंप वेगळा आणि तापमान बरंच कमी. (प्रियसची बॅटरी मात्र केबिनच्या हवेवर गार होते. तिथे कूलंट शोधू नये, मागच्या सीटजवळची जाळी मोकळी ठेवावी.)

इथेच गफलत होते. डॅशबोर्डवर कळतं ते इंजिनाचं तापमान. इन्व्हर्टरचा छोटा विजेचा पंप बंद पडला तरी ते नॉर्मलच दिसेल. मग एखाद्या चढावर अचानक जोर कमी होतो, इशाऱ्याचा त्रिकोण लागतो आणि स्कॅनरवर P0A93 हा कोड येतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हा पंप इतका बदनाम झाला की २०१२ साली टोयोटाने त्यासाठी जगभरातल्या काही लाख हायब्रीड गाड्या परत बोलावल्या. त्या प्रियसवर मेकॅनिक एक सोपी तपासणी करतात. थंड गाडी READY करून इन्व्हर्टरच्या टाकीचं झाकण उघडायचं. आतलं कूलंट ढवळताना दिसलं तर पंप चालू, निश्चल असेल तर बंद.

टोयोटाच्या या दोन्ही टाक्यांत एकच गुलाबी, तयार मिसळलेलं कूलंट जातं. त्यात बोअरवेलचं पाणी ओतलं तर क्षार इन्व्हर्टरच्या अरुंद वाटांत बसतात. बदलताना हवेचे बुडबुडे अडकले तर पंप नवा असूनही कूलंट फिरत नाही, म्हणून हवा काढण्याची पायरी टाळता येत नाही. तिसऱ्या प्रियससाठी अमेरिकेतल्या वेळापत्रकात इंजिनाचं कूलंट पहिल्यांदा सुमारे १,६०,००० किलोमीटरवर आणि इन्व्हर्टरचं २,४०,००० वर बदलायचं असतं, त्यानंतर दोन्ही साधारण दर ८०,००० ला. जुनी हायब्रीड घेताना सर्व्हिसच्या बिलात ‘कूलंट बदललं’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कोणत्या टाकीतलं, हे विचारून घ्यावं.