वीज जाते तेव्हा ऊर्ध्ववाहिनीत काय होतं

नदीकाठच्या जॅकवेलमधून उंचावरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या नळाला ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. ती फुटली की कारण ठरलेलं असतं: दाब वाढला. दाब वाढतो हे खरंच आहे. पण पंप अचानक बंद पडतो तेव्हा दाब वाढण्याआधी कोसळतो. तो नेमका कुठे कोसळला, हे न पाहता बसवलेली महागडी उपकरणंही बऱ्याचदा नुसती शोभेला उरतात.

हिशेबासाठी एक साधी योजना धरू. आतून २६० मिलिमीटर व्यासाची डीआय वाहिनी, लांबी १,५०० मीटर. टाकीतली पाण्याची पातळी नदीपेक्षा ७० मीटर उंच. प्रवाह सेकंदाला ५० लिटर, म्हणजे नळातला वेग सेकंदाला सुमारे ०.९४ मीटर. घर्षणात पाचेक मीटर जातात, म्हणून पंपाला ७५ मीटर दाब द्यावा लागतो. (दहा मीटर म्हणजे ढोबळमानाने एक बार.) जमीन पहिल्या ९०० मीटरांत ५८ मीटर चढते. तिथून पुढे ६०० मीटर सपाट माळ आहे आणि माळाच्या टोकाला उंच टाकी. ही ९०० मीटरवरची माळाची कड लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथेच घडणार आहे.

वाहिनीत एका वेळी सुमारे ८० टन पाणी चालत असतं. वीज गेली की एवढ्या आकाराचा पंप सेकंद-दोन सेकंदांत मंदावतो. पाणी मात्र पुढे जातच राहतं. पंपापाशी दाब पडतो आणि ही दाबघट लाटेसारखी नळातून पुढे धावते. डीआय नळात तिचा वेग सेकंदाला सुमारे १,१८० मीटर असतो. पीव्हीसी नळाची भिंत लवचिक असते, त्यामुळे तिथे तो ४०० मीटरच्या आसपास येतो. वेगातल्या बदलामुळे दाब किती बदलेल, याचं सूत्र रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोतल्या प्रयोगांनंतर १८९८ मध्ये मांडलं:

ΔH = a × ΔV ÷ g

a म्हणजे लाटेचा वेग, ΔV म्हणजे पाण्याच्या वेगातला बदल. आपल्या आकड्यांनी उत्तर येतं ११३ मीटर. लाटेला टाकीपर्यंत जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. त्याच्या आत पंप थांबला, तर टाकीकडून मदत येण्याआधीच पूर्ण घट होऊन गेलेली असते.

आता कडेवर काय होतं ते पाहू. पंप चालू असताना तिथे नळात जेमतेम १४ मीटर दाब असतो. पाण्याचा दाब वातावरणापेक्षा साडेनऊ-दहा मीटरनी खाली गेला की थंड पाण्याचीही वाफ होते. म्हणजे त्या जागी फार तर २३-२४ मीटरची घट सोसता येते, आणि येणारी घट त्याच्या कितीतरी पट आहे. लाट पाऊण सेकंदात तिथे पोचते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. माळावरचं पाणी टाकीच्या दिशेने सरकत राहतं आणि मागे वाफेची पोकळी वाढत जाते. माझ्या हिशेबाने साठ-सत्तर लिटरची. अडीच-तीन सेकंदांत ते पाणी थांबतं, उलटं फिरतं आणि जवळपास त्याच वेगाने परत येऊन खालच्या स्तंभावर आदळतं. थबकलेल्या स्तंभावरच्या या धडकेने दाब सुमारे ५६ मीटरनी उसळतो. ती उसळी उतारावरून बंद एनआरव्हीवर आली की दुप्पट होते आणि पंपघरात दाब १६० मीटरच्या घरात जातो. डीआय नळ हे सोसतो. पण १६ बारचा व्हॉल्व्ह, फ्लँज आणि पंपाची बॉडी मर्यादेला टेकतात. १० बारचे असतील तर संपलेच.

हा हातचा अंदाज आहे. खरं विश्लेषण संगणकावर वाहिनीचे छोटे तुकडे पाडून, प्रत्येकातला दाब आणि वेग सेकंदाच्या अंशाअंशाने काढून होतं. नळजाळ्याच्या आखणीला सर्रास वापरतात ते ईपॅनेट यासाठी चालत नाही, कारण त्यात दाबाच्या लाटा नसतातच. चालू योजनेत हाच प्रकार ओळखायच्या खुणा सरळ आहेत. वीज गेल्यावर लगेच नव्हे, तर सहा-सात सेकंदांनी पंपघरात धडाका होतो. फ्लँजचे गॅस्केट वारंवार जातात. कडेजवळच्या सांध्यातून माती आत ओढली जाते आणि पुन्हा पंप सुरू केल्यावर पहिलं पाणी गढूळ येतं. साध्या दाबमापकाचा काटा ही उसळी नीट दाखवू शकत नाही. त्यासाठी सेकंदाला शंभरेक नोंदी घेणारा लॉगर लावावा लागतो.

मग बंदोबस्त कोणता? पंपघरात सर्ज रिलीफ व्हॉल्व्ह बसवणं हा सगळ्यांत लोकप्रिय उपाय. तो उसळी थोडी कापतो, पण कडेवरची पोकळी रोखू शकत नाही. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडीने पंप हळू थांबवता येतो, पण वीज असेल तेव्हाच. आपल्याकडे घात होतो तो वीज जाण्याने. कडेवर नुसता मोठा एअर व्हॉल्व्ह बसवला तर पोकळीत वाफेऐवजी हवा भरते, पण परतणारं पाणी ती हवा झपाट्याने बाहेर ढकलतं आणि शेवटी व्हॉल्व्हवरच आदळतं. म्हणून तिथे हवा भरभर घेणारा पण सावकाश सोडणारा व्हॉल्व्हच हवा. भारतात झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्हही वापरतात. पाण्याचा पुढचा वेग शून्यावर येताच ते स्प्रिंगने मिटतात आणि पाणी उलटं फिरण्याआधीच अडवतात. लांब, सतत चढत्या वाहिनीवर ते चांगले. आपल्या कडेवरची पोकळी मात्र त्यांनीही टळत नाही.

पोकळी टाळायची तर पंप थांबल्यावरही वाहिनीत पाणी ढकलणारं काहीतरी हवं. इथे मी पंपघरात एनआरव्हीच्या पुढे हवेची टाकी, म्हणजे एअर व्हेसल, निवडेन. पंप थांबला की तिच्यातली दाबलेली हवा फुगते आणि पाणी पुढे लोटते. कडेवर दाब शून्याखाली जाऊ द्यायचा नसेल, तर पंपाजवळचा दाब ४५ मीटरच्या खाली उतरता कामा नये. त्यासाठी सुमारे ०.७ घनमीटर हवा लागते. ती तीनशेक लिटर पाणी बाहेर देऊन एक घनमीटर होते. टाकी रिकामी होऊन हवा नळात शिरू नये म्हणून एकूण आकार दीड घनमीटर धरावा. मग परतीचा दाब शंभर मीटरच्या आसपास थांबतो. हा अंदाज संगणकावर तपासून घेतल्याशिवाय टाकीची ऑर्डर देऊ नये.

दुसरा पर्याय कडेवरच्या एकमार्गी टाकीचा. ती दाब पडला की एनआरव्हीतून नळात पाणी सोडते. इथे अर्ध्या घनमीटरची टाकी पुरेल, पण माळावरच्या त्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही कोणीतरी नियमित बघायला हवेत. देखभाल एअर व्हेसललाही चुकत नाही. हवा पाण्यात विरघळत जाते आणि टाकी गुपचूप पाण्याने भरते. मग ती असून नसल्यासारखीच. म्हणून रबरी पिशवीची टाकी घ्यावी, किंवा काचनळीतली पातळी दर आठवड्याला बघून कॉम्प्रेसरने हवा भरावी.

योजना अजून कागदावर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. वाहिनी खालून, ओढ्याच्या काठाने नेऊन चढ शेवटी ठेवता येतो का? तसं जमलं तर मधल्या नळात दाब भरपूर राहतो आणि तीच दाबघट बरीच निरुपद्रवी होते.

सल्लागाराने सर्जचा अहवाल दिला की त्यातला सर्वाधिक दाबाचा आकडा पाहून समाधान मानू नका. वीज गेल्यानंतरच्या किमान दाबाची रेषा वाहिनीच्या संपूर्ण उभ्या छेदावर काढून मागा, आणि ती कुठे नळाच्या खाली जाते ते स्वतः पाहा.