डबे तेवढेच, नफा वेगळा

१४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे आयात शुल्क एका झटक्यात वाढले. उपकर धरून ५.५ टक्के पडणारे शुल्क २७.५ टक्के झाले, तर रिफाइंड तेलावरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता, म्हणून शेतकऱ्याला आधार द्यायचा हा सरकारचा हिशेब. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. त्यामुळे घाऊक बाजारात डब्याचा भाव लगेच चढला आणि ज्यांच्या गोदामात जुन्या भावाचा माल होता त्यांचे सगळ्यांनी अभिनंदन केले.

त्या अभिनंदनात किती अर्थ होता, हे व्यापाऱ्याच्या वहीत साठ्याची किंमत कोणत्या पद्धतीने लावली जाते यावर ठरते. पद्धती दोन. पहिली फिफो: जो माल आधी आला तोच आधी विकला गेला असे हिशेबापुरते मानायचे. दुसरी भारित सरासरी: जुना-नवा सगळा माल एकत्र धरायचा, एकूण किमतीला एकूण नगांनी भागायचे आणि येणारा एकच दर विकलेल्या व उरलेल्या मालाला लावायचा. दोन्ही कायदेशीर आणि दोन्ही सीएला मान्य. तरीही चढत्या भावात दोन्हींचे उत्तर एक येत नाही.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हमालाने थप्पीतला कोणता डबा उचलला, याच्याशी या पद्धतींचा संबंध नाही. तेलाला मुदत असते, म्हणून शहाणा दुकानदार जुना डबाच आधी काढतो आणि सरासरी पद्धत वापरणाराही तेच करतो. प्रश्न फक्त वहीत कोणता दर लिहायचा एवढाच आहे.

आता एक घाऊक व्यापारी कल्पू. भाव हिशेबाच्या सोयीचे, जीएसटी वगळून. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्याकडे सोयाबीन तेलाचे ४०० डबे आहेत, प्रत्येकी १,६०० रुपयांना घेतलेले. शुल्क वाढण्याआधी त्यातले २०० डबे १,७०० रुपयांनी विकले गेले. मग भाव चढले. त्याने ३०० डबे १,९०० रुपयांनी भरले आणि २५० विकले. पुढे आणखी ३०० डबे २,१०० रुपयांनी घेतले आणि पुन्हा २५० विकले. या नंतरच्या ५०० डब्यांना सरासरी २,१२० रुपये मिळाले. एकूण विक्री ७०० डबे, १४ लाख रुपये. गोदामात ३०० डबे शिल्लक.

फिफोने विकलेल्या ७०० डब्यांत आधीचे सगळे ४०० आणि १,९०० रुपयांचे ३०० येतात. त्यांची किंमत १२ लाख १० हजार, म्हणजे ढोबळ नफा १ लाख ९० हजार. उरलेले ३०० डबे सगळ्यात महागड्या खरेदीतले, म्हणून अखेरचा साठा ६ लाख ३० हजारांचा.

सरासरीने एकूण १,००० डब्यांची किंमत १८ लाख ४० हजार, म्हणजे डब्याला १,८४० रुपये. विकलेल्या मालाची किंमत १२ लाख ८८ हजार, ढोबळ नफा १ लाख १२ हजार आणि अखेरचा साठा ५ लाख ५२ हजार.

गिऱ्हाईक तेच, बिले तीच, गल्ल्यात आलेली रक्कम तीच. तरी नफ्यात ७८ हजारांचा फरक आहे. आणि अखेरच्या साठ्यातला फरकही नेमका ७८ हजारच आहे. हा योगायोग नव्हे. खरेदीवर खर्च झालेली एकूण रक्कम ठरलेली असते. त्यातली जेवढी अखेरच्या साठ्यात ठेवाल तेवढी नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून येत नाही. भाव चढत असताना फिफो स्वस्त माल खर्चात टाकतो आणि महाग माल ताळेबंदात ठेवतो, म्हणून नफा फुगतो. सरासरी हा चढ दोन्हीकडे वाटून देते.

भाडे, हमाली, पगार असा ६० हजारांचा खर्च वजा केला की फरक आणखी डोळ्यांत भरतो. फिफोने निव्वळ नफा १ लाख ३० हजार, सरासरीने ५२ हजार, म्हणजे अडीचपट अंतर. घाऊक तेलासारख्या कमी मार्जिनच्या धंद्यात हे असेच होते, कारण साठ्याच्या किमतीपुढे नफा लहान असतो.

सरासरीतही एक उपप्रकार लपलेला आहे. वर आपण सगळ्या काळाची एकच सरासरी काढली. त्यामुळे शुल्कवाढीच्या आधी विकलेल्या २०० डब्यांवरही नंतरच्या महाग खरेदीचा भार पडला: १,७०० रुपयांना विकलेला डबा वहीत १,८४० रुपयांचा झाला, म्हणजे त्या विक्रीत चक्क तोटा दिसला! हे टाळायचे तर प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढावी लागते. आधीच्या २०० डब्यांना १,६०० चाच दर राहतो, दुसऱ्या खरेदीनंतर दर १,७८० होतो आणि तिसरीनंतर साधारण १,९५५. या हिशेबाने ढोबळ नफा १ लाख ४६ हजारांच्या आसपास येतो, दोन्ही उत्तरांच्या मधोमध. लेखामानक दोन्ही प्रकारच्या सरासरीला परवानगी देते. टॅलीतही मालाच्या नोंदीत Costing Method या ठिकाणी Avg. Cost, Monthly Avg. Cost, FIFO असे वेगवेगळे पर्याय असतात. अनेक दुकानांत तिथे काय निवडले आहे हे मालकाला ठाऊकच नसते. सॉफ्टवेअर बसवताना जे होते तेच वर्षानुवर्षे चालू राहते.

मग यातले खरे उत्तर कोणते? त्यासाठी गल्ला पाहावा. १४ लाख आले, १२ लाखांची खरेदी झाली, ६० हजार खर्च झाले. हाती राहिले १ लाख ४० हजार. पण गोदामात ४०० च्या जागी ३०० डबे आहेत. कमी झालेले १०० डबे आजच्या २,१०० च्या भावाने भरायला २ लाख १० हजार लागतील. म्हणजे फिफोची वही सव्वा लाखाहून जास्त नफा दाखवते आणि त्याच वेळी गोदाम पूर्वीसारखे भरायला ७० हजार कमी पडतात. त्यातच तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या व्यापाऱ्याला उपकर सोडून फिफोच्या नफ्यावर ३९ हजार कर लागतो, सरासरीच्या नफ्यावर १५,६००. या व्यापाऱ्याने वहीतला नफा पाहून घरखर्चाला मोठी रक्कम उचलली, तर तो नफा नव्हे, भांडवल खातो आहे. सरासरीची वही या वास्तवाच्या जरा जवळ जाते, पण पूर्ण पोहोचत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे नवे नाही. ब्रिटनची बीपी ही तेलकंपनी साठ्यावरचा भाववाढीचा नफा किंवा तोटा वेगळा काढते आणि विकलेल्या मालाला त्या वेळच्या खरेदीभावाने मोजून आलेला नफा स्वतंत्रपणे जाहीर करते. फिफोने आलेला आकडा आणि हा आकडा यांतली तफावत वाचकाला दिसावी, हाच त्यामागचा हेतू.

फिफोची बाजू घेणारे एक व्यवहारी कारण मात्र आहे. ताळेबंदात साठा आजच्या भावाच्या जवळ दिसतो. कॅश क्रेडिट घेणाऱ्याला बँक साठ्याच्या किमतीतून मार्जिन वजा करून उचल ठरवते. मार्जिन २५ टक्के धरले तर फिफोच्या साठ्यावर ४ लाख ७२ हजार ५०० मिळतील, सरासरीच्या साठ्यावर ४ लाख १४ हजार. मोह इथे होतो: बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये चढा भाव आणि करासाठीच्या हिशेबात सरासरी. असे दोन आकडे सापडले की बँकेचा लेखापरीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

भाव उतरले की खेळ उलटतो. ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलांवरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले आणि उपकरासह भार १६.५ टक्के झाला. आपल्या व्यापाऱ्याचे ते ३०० डबे पडून असताना भाव घसरला आणि विक्रीखर्च वजा जाता डब्यामागे १,९५० रुपयेच सुटणार, असे समजा. साठा खरेदीकिंमत आणि विक्रीतून सुटणारी रक्कम यांपैकी कमी असेल त्याच दराने दाखवावा लागतो. फिफोवाल्याला ४५ हजारांची घट ताबडतोब नोंदवावी लागेल. १,८४० चा दर धरणाऱ्याला काहीच नाही. एका वर्षी फुगलेला नफा पुढच्या वर्षी वजा होतो. साठा संपला की दोन्ही वह्यांचा एकूण नफा सारखाच येतो. पण साठा कायम ठेवून भाव चढतच राहिले, तर हा फरक वर्षानुवर्षे पुढे सरकत राहतो.

म्हणूनच सोयीप्रमाणे आज ही, उद्या ती पद्धत वापरता येत नाही. लेखामानक २ आणि आयकरासाठीचे दुसरे गणनामानक (आयसीडीएस २) फिफो आणि भारित सरासरी या दोन्हींना मुभा देतात, पण एकदा निवडलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलू देत नाहीत. शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणारी लिफो ही तिसरी पद्धत भारतात १९९९ च्या सुधारणेनंतर लेखामानकातून गेली; अमेरिकेत ती अजून चालते. आयकर लेखापरीक्षणाच्या ३सीडी नमुन्यात साठा कोणत्या पद्धतीने मोजला, याची विचारणा असतेच.

शेअर बाजारात पैसे घालणाऱ्यानेही तेल, पोलाद, सोने किंवा कापूस अशा धंद्याच्या कंपनीचा नफा अचानक वाढलेला दिसला, तर वार्षिक अहवालातल्या महत्त्वाच्या लेखाधोरणांत साठ्याविषयीची ओळ आधी वाचावी. तिथे फिफो लिहिलेले असेल, विकलेले टन मागच्या वर्षीइतकेच असतील आणि रोकड प्रवाहाच्या पत्रकात कामकाजातून आलेली रक्कम नफ्याच्या मानाने फारच कमी असेल, तर त्या नफ्याचा बराच भाग भाववाढीचा आहे आणि तो गोदामात अडकलेला आहे.